रविवार धरून की सोडून

मेणबत्त्यांच्या त्या कारखान्यात दोन भाऊ काम करत. कारखाना म्हणायचा तो लोकांनी. होती एक लांबट खोली. एका भिंतीला मेण वितळवायची पातेली, दुसऱ्या भिंतीला साचे आणि मधोमध एक टेबल, ज्याला सांडलेल्या मेणाने इतकी वर्षं गुळगुळीत केलं होतं की त्यावर ठेवलेली वस्तू आपण होऊन खाली जायला बघे. थोरला मेण बघायचा. कशात किती मधमाशीचं, कशात किती पॅराफिन, किती तापवायचं, कधी ओतायचं. धाकट्याकडे रंग, वाती आणि कोरीवकाम. वरच्या मजल्यावर थोरल्याची बायको तिघांचा स्वयंपाक करी. धाकट्याने लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं की तो म्हणे, "दादाचं बघितलं."

अशा घरात अबोला धरणं सोपं नसतं. तरी थोरल्याने तो धरला, आणि धरला तो आगमनकाळात.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. बाहेरच्या जगात तेव्हा नाताळ सुरूच झालेला असतो. दुकानांत तारे, रस्त्यात गाणी. देवळात मात्र कोणी घाई करत नाही. तिथे वाट बघायची असते. एकदा आलेल्या ख्रिस्ताच्या वाढदिवसाची वाट, आणि तो पुन्हा येणार आहे त्या दिवसाचीही. फादर जांभळा झगा घालतात, कारण पाहुणा यायचा तर आधी घर झाडावं लागतं आणि केर आपलाच असतो. महिमागीत गात नाहीत. ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. वेदीजवळ हिरव्या पानांचं एक चक्र ठेवतात, त्यात चार मेणबत्त्या. दर रविवारी एक जास्त पेटवायची. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची. अर्धी वाट संपली, आता जरा हसायला हरकत नाही, असं सांगणारी.

तीन जांभळ्या, एक गुलाबी. यात समजायला अवघड काही नाही. धाकट्याने त्या वर्षी देवळाचे सगळे संच तीन गुलाबी आणि एक जांभळी असे भरले. वेदीचा संच तसा, आणि लोकांच्या घरच्या चक्रांसाठी गेलेले संचही तसेच.

पहिल्या रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, सुटल्यावर देवळाच्या पायरीवर गर्दी जमली. ज्याने त्याने घरी खोका उघडला होता. कोणी हसत होतं, कोणी विचारत होतं की नियम बदलला का. थोरला हे ऐकत उभा राहिला आणि त्याचे कान जांभळे झाले. निदान ते तरी बरोबर रंगाचे.

"नाताळ येतोय ना," धाकटा म्हणाला, "मला वाटलं आनंद जास्त हवा."

"वाट बघणं आणि आनंद करणं यातला फरक ज्याला कळत नाही," थोरला सगळ्या पायरीला ऐकू जाईल असं गरजला, "त्याने मेणाला हात लावू नये! बापाने नाव कमावलं आणि या गाढवाने ते गुलाबी करून टाकलं!"

गाढव या शब्दाचं धाकट्याला काही वाटलं नाही. तो घरात रोज वापरात होता. पण पायरी घरात नव्हती. देवळातले पेटीवाले, ज्यांना कोणाला नाव ठेवल्याशिवाय सूर सापडत नसे, त्यांनी तिथल्या तिथे त्याचं 'गुलाबीशेठ' असं बारसं केलं. आठवडाभरात दूधवालाही त्याला त्याच नावाने हाक मारू लागला.

धाकटा म्हणाला, "दादा, चूक माझी. पण पायरीवर नको होतं."

थोरला त्यावर काही बोलला नाही. आणि एकदा बोलला नाही म्हटल्यावर पुढे बोलायला जागाच मिळेना. दिवस गेले. नाताळ आला, महिमागीत झालं, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. हे दोघे एका ताटलीतला केक दोन बाजूंनी खात होते.

"अगं, मीठ हवंय का विचार त्यांना," थोरला बायकोला म्हणे. भाऊ हातभर अंतरावर.

"वहिनी, त्यांना सांगा, नको."

"मी काय पोस्ट खातं उघडलंय का?" ती म्हणे. पण निरोप पोचवी, कारण नाही पोचवला तर मीठ पोचत नसे.

मग राखेचा बुधवार आला. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी मिरवलेल्या झावळ्या घरोघर सुकून पडलेल्या असतात. त्या गोळा करून जाळतात आणि तीच राख कपाळाला लावतात. ज्या हिरव्या पानांनी ख्रिस्तराजाचं स्वागत केलं, त्यांची ही गत. तुझीही हीच, हे लक्षात ठेव. तिथून उपवासकाळ सुरू होतो, तो ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत. त्या बुधवारी आणि पुढे क्रुसाच्या शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, एकच पोटभर जेवण, मांस नाही. बाकीच्या शुक्रवारी नुसतं मांस नाही. वेदीवर फुलं नाहीत. आलेलुया हा देवाचा जयघोष तर गाण्यातूनच काढून ठेवतात. आणि शिवाय ज्याने त्याने आपल्या मनाने काही तरी सोडायचं असतं.

थोरला दरवर्षी चहा सोडायचा.

"यंदा चहा नको सोडू," बायको आदल्या संध्याकाळी म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिचं अहो-जाहो रागात एखाद्या वाक्यापुरतं सुटत असे. "तुम्ही चहा सोडता आणि आम्हाला धरता. गेल्या वर्षी त्या चहापायी तुम्ही कोणाकोणावर खेकसलात, आठवतंय? शेजारच्या मांजरावरसुद्धा."

"मग काय सोडू?"

"अबोला सोडा."

थोरल्याने विचार केला. चहाची त्याला मनापासून आवड होती. अबोलाही आता आवडू लागला होता, पण चहाइतका नाही. "ठीक आहे," तो म्हणाला.

बुधवारी कपाळावर राख घेऊन तो कारखान्यात आला आणि म्हणाला, "मेण किती तापलंय?"

धाकट्याच्या हातून पळी पातेल्यात पडली. ती काढायला दोघांना मिळून वाकावं लागलं. संध्याकाळपर्यंत वाती, साचे, हवामान आणि शेजारचं मांजर इतक्या विषयांवर बोलणं झालं. गुरुवारी झालं, शुक्रवारी झालं, शनिवारी तर थोरला एकदा हसलासुद्धा. वहिनीने देवाचे आभार मानले आणि निरोपांचं काम बंद केलं.

रविवारी जेवताना धाकटा म्हणाला, "दादा, मीठ दे."

थोरला बायकोकडे बघून म्हणाला, "त्यांना सांग, मीठ त्यांच्या डाव्या हाताशी आहे."

सोमवारी सकाळी तो पुन्हा बोलू लागला. काही झालंच नाही अशा थाटात.

"काल काय झालं होतं?" धाकट्याने विचारलं.

"काल रविवार होता."

"मग?"

"रविवार उपवासात धरत नाहीत. राखेच्या बुधवारपासून मोज. रविवार सोडून चाळीस भरतात, धरून जास्त होतात. आपली आई गोड सोडायची, पण रविवारी लाडू खायचीच की नाही? नियमच आहे तो."

धाकट्याने हातातली वात खाली ठेवली. "म्हणजे माझ्याशी न बोलणं हा तुझा लाडू?"

"तू प्रत्येक गोष्ट वाकडी घेतोस," थोरला म्हणाला. "वात कापून ठेव."

असं ते चाललं. सोमवार ते शनिवार थोरला बोले, आणि खरं तर चांगला बोले. रविवारी पहाटेपासून जीभ कुलुपात. कोणी साखर, कोणी सिगरेट रविवारपुरती जवळ करत होतं, तसा हा आपला राग काढी, पुसून घेई, दिवसभर चवीने वापरी आणि संध्याकाळी परत डब्यात ठेवी. चौथ्या रविवारी फादरांनी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घातला, कारण उपवासकाळातही वाटेत एक हसरा रविवार येतो. पेटीवाल्यांनी पेटीआडून धाकट्याकडे बघत भुवया उडवल्या. थोरल्याने ते पाहिलं आणि त्याचा त्या रविवारचा राग आणखी रुचकर झाला.

दुसऱ्या दिवशी धाकटा कामाला आला तो टेबलापाशी उभाच राहिला.

"दादा, त्या मोठ्या फॅक्टरीवाल्यांनी बोलावलंय. वासाच्या मेणबत्त्या करतात ते. रंगाचा सगळा विभाग माझ्याकडे देतायत."

"वासाच्या? मेणबत्ती उजेडासाठी असते. वासासाठी फुलं आहेत."

"ईस्टर झाला की लगेच कळवायचंय. मला तुझ्याकडून एकच हवंय. तू उपवास म्हणून माझ्याशी बोलतोयस. उपवास संपला की लोक सोडलेलं परत धरतात. ईस्टरनंतर तू माझ्याशी बोलणार आहेस का? नसशील तर मी जातो. पगारासाठी नाही. तिथे निदान मीठ मागितलं तर कोणी देईल."

थोरल्याला खोटं बोलता येत नसे. त्याला ती आपली सज्जनता वाटे. इतरांना तो आळस वाटे. "एवढ्या पुढचं मी धरलं नव्हतं," तो म्हणाला.

"मग धर आता," धाकटा म्हणाला, आणि कामाला लागला.

काम मोठं होतं. पास्काची, म्हणजे ईस्टरची मेणबत्ती. ती वर्षातून एकदाच करायची. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी देवळाबाहेर नव्या विस्तवावर पेटवतात तीच. मग पुनरुत्थानकाळात, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण येईपर्यंत, वेदीजवळ उभी राहते आणि प्रत्येक मिस्सेला जळते. त्यानंतर ती बाप्तिस्म्याच्या कुंडाशी जाते. पुढे वर्षभर मूल न्हाऊन निघालं की पेटते आणि माणूस गेला की त्याच्या शवपेटीशी पेटते. म्हणून तिचं मेण चांगलं लागतं, ते थोरल्याचं. आणि तिच्यावर क्रूस कोरायचा, वर पहिलं आणि खाली शेवटचं ग्रीक अक्षर, क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चालू सालाचे चार आकडे, ते धाकट्याचं. थोरल्याचा हात कोरताना थरथरे. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. धाकट्यानेही कधी सांगितलं नव्हतं, की त्याला ते ठाऊक आहे.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार नेहमीप्रमाणे मुक्याने गेला. सोमवारी थोरला मेणबत्ती चादरीत गुंडाळून फादरांकडे घेऊन गेला. देवळातल्या मूर्तींवर जांभळी फडकी टाकलेली होती. फादर म्हातारे होते. त्यांनी थोरल्याला बाप्तिस्मा दिला होता आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल फारशा अपेक्षा ठेवल्या नव्हत्या. त्यांनी मेणबत्ती बोटाने वाजवून बघितली. "झकास. कोरलंय सुरेख. धाकटा बरा आहे का?"

"त्याचंच विचारायचं होतं," थोरला म्हणाला, आणि त्याने आपली पद्धत सांगितली. सांगताना जरा मानही वर केली, कारण एकही दिवस चुकला नव्हता. "आता अडचण अशी, फादर. ईस्टर हा रविवार. माझ्या हिशेबाने रविवारी बोलायचं नाही. पण त्या दिवशी उपवासही संपलेला. मग नियम कोणता लागतो?"

फादर खुर्चीत बसले. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा घातला, आणि थोरला अजून तिथेच आहे असं बघून सुस्कारा टाकला.

"तुझी आई रविवारी लाडू का खायची?"

"रविवार उपवासात धरत नाहीत म्हणून."

"का धरत नाहीत?"

थोरला चादरीची घडी घालू लागला, तेव्हा फादरांनीच उत्तर दिलं.

"कारण प्रभू रविवारी उठला. प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टर. नवरा घरी आलेला असताना वऱ्हाडाने उपाशी बसायचं नसतं. म्हणून लाडू. आता मला सांग, तू छोट्या ईस्टरला काय खातोस? भावाला?"

"पण मी बाकी सहा दिवस तर सोडलं होतं ना?"

"काय सोडलं होतंस? अरे बाबा, उपवासात चांगलं सोडायचं असतं. लाडू चांगला असतो, चहा चांगला असतो, म्हणून त्यांचं मोल देवापुढे ठेवायचं आणि ईस्टरला हात जोडून परत घ्यायचं. अबोला हे पाप. पाप काय उपवासापुरतं सोडायचं? उद्या चोर येईल, म्हणेल फादर, सहा दिवस चोरी बंद ठेवली, रविवारी तेवढी करतो."

"मग माझा उपवास झालाच नाही?"

"नाही."

"एक दिवसही?"

"राखेच्या बुधवारी जेवण एकच केलं होतंस का?"

"हो."

"मग तेवढा एक."

थोरल्याचं तोंड उतरलं. इतके दिवस आपण खात्यात भर घालतोय असं वाटलेल्या माणसाला खातंच नाही असं कळावं, तसं झालं. "शनिवारपर्यंत अजून वेळ आहे," तो म्हणाला. "आता काय सोडू? चहा?"

"चहा सोडशील तर तुझी बायको माझ्याकडे येईल," फादर म्हणाले. "चांगलं असेल, खरोखर तुझं असेल आणि सोडताना जीव जाईल असं काही तरी बघ."

थोरला घरी चालत गेला. वाटेत त्याने आपल्याकडे चांगलं काय काय आहे ते धुंडाळलं. फार काही निघालं नाही. एक गोष्ट मात्र होती, चांगली, खणखणीत आणि पूर्णपणे त्याची. त्या तीन गुलाबींच्या बाबतीत तो बरोबर होता. वर्षभरात इतकं निर्विवाद बरोबर तो कशातच नव्हता. त्याने ते मनातल्या मनात हातात घेऊन पाहिलं, आणि सोडायच्या कल्पनेनेच जीव गेला. म्हणजे फादरांची तिन्ही कलमं जुळत होती.

गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाची मिस्सा. महिमागीताला देवळाच्या घंटा एकदा मनसोक्त वाजल्या आणि बंद झाल्या. आता त्या शनिवारपर्यंत मुक्या. प्रभूने बारा शिष्यांचे धुतले होते तसे, फादर कंबरेला टॉवेल बांधून बारा जणांचे पाय धुवायला निघाले. मेणबत्तीवाल्यांची दोन आसनं त्या बारांत ठरलेली. दोघे शेजारी, प्रत्येकाचा एक बूट काढलेला.

"मोज्याला भोक आहे," धाकटा पुटपुटला.

"माहीत आहे."

"सगळ्या देवळाला माहीत झालं."

फादर गुडघ्यावर आले, आधी धाकट्यापुढे, मग थोरल्यापुढे. दोघांचे पाय त्यांनी सारख्याच पाण्याने, सारख्याच कण्हत धुतले. कोण बरोबर, हे त्यांनी विचारलं नाही. पायावर ते दिसतही नव्हतं.

शुक्रवारी मिस्सा नसते. वेदी उघडी, कापडही काढलेलं. लोक एकामागून एक येऊन क्रुसाचं चुंबन घेतात आणि आवाज न करता घरी जातात. शनिवारी दिवसभर काहीच नसतं. प्रभू कबरेत असतो. कारखाना बंद होता. थोरला तरी खाली जाऊन पातेली घासत बसला. बायकोने वरून पाहिलं आणि त्याला हाक मारली नाही.

अंधार पडल्यावर सगळे देवळाबाहेर जमले. देवळातले दिवे घालवलेले. फादरांनी विस्तवाला आशीर्वाद दिला, मेणबत्तीत धुपाचे पाच दाणे मेणाच्या खिळ्यांनी बसवले, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे, आणि ती पेटवली. मग काळोख्या देवळात ती पुढे आणि लोक मागे. तीनदा थांबून हाक, "ख्रिस्त आमचा प्रकाश," आणि उत्तर, "देवाला धन्यवाद." प्रत्येकाच्या हातात एक लहान मेणबत्ती. मोठीवरून पुढच्यांनी पेटवायची, पुढच्यांवरून मागच्यांनी. थोरल्याच्या पुढे धाकटा होता. तो वळला. एकाची वात दुसऱ्याच्या ज्योतीला लागायची तर दोघांना समोरासमोर उभं राहावंच लागतं. याला दुसरी पद्धत निघालेली नाही.

वात धरायला वेळ लागला.

"वात लांब ठेवलीयस," थोरला म्हणाला.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "आता ईस्टर लागला. देवळाच्या हिशेबाने म्हणजे रविवार."

"माहीत आहे."

पुढे जगाच्या उत्पत्तीपासून वाचनं झाली. समुद्र दुभंगला, संदेष्टे बोलले. मग एकदम सगळे दिवे लागले, मूर्ती मोकळ्या झाल्या, घंटा सुटल्या, महिमागीत आलं. आणि राखेच्या बुधवारपासून कोणाच्या ओठांवर न आलेलं आलेलुया फादरांनी तीनदा म्हटलं, प्रत्येक वेळी एक पट्टी वर. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फाटला. लोकांनी तो आपल्या आवाजाने झाकला.

मिस्सा सुटली तेव्हा पायरीवर तीच गर्दी. पेटीवाले घाम पुसत बाहेर आले. इतका वेळ वाजवून त्यांना नाव ठेवायला सवड मिळाली नव्हती.

"काय गुलाबीशेठ! मेणबत्ती पांढरीच ठेवलीत की! मला वाटलं या खेपेला—"

"पेटीवाले," थोरला म्हणाला. आवाज सगळ्या पायरीला गेला. त्याचा आवाज तसाच होता, लहान होत नसे. "रंगात तो चुकला होता. या पायरीवर मी चुकलो. त्याचं घरचं नाव गाढव आहे, तेही फक्त माझ्यापुरतं. तुम्ही दुसरं ठेवू नका."

पेटीवाल्यांनी रुमाल खिशात घातला. लोक जरा वेळ मेणबत्त्यांच्या कागदी टोप्या नीट करत राहिले. मग कोणी तरी 'हॅपी ईस्टर' म्हटलं आणि सगळ्यांना बोलायला विषय मिळाला.

घरी जाताना धाकटा म्हणाला, "पण तू बरोबर होतास, दादा."

"होतो. ते सोडलं."

"चाळीस दिवस?"

"ते संपले. फादर म्हणतात उपवासापेक्षा सण मोठा असतो. आता पन्नास आहेत." थोरल्याने हातातली विझलेली मेणबत्ती खिशात घातली. मग त्याने जो शब्द काढला तो त्याच्या घशाला अपरिचित होता, म्हणून थोडा खरवडत आला. "राहा."

"बघतो," धाकटा म्हणाला. तोही त्याच बापाचा मुलगा.

सोमवारी त्याने फॅक्टरीवाल्यांना फोन केला. पुनरुत्थानकाळ चालू आहे, पवित्र आत्म्याच्या सणानंतर कळवतो, म्हणाला. पलीकडच्या साहेबाला तो सण कधी येतो ते माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. त्याने "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला आणि महिन्याभरात दुसरा माणूस घेतला.

त्या पन्नास दिवसांत दोघे भाऊ पूर्वीपेक्षा जास्त भांडले. मेण किती तापवायचं, वात किती ठेवायची, मांजराला दूध घालायचं का. आठवड्याचे सातही दिवस, तोंडाने, मोठ्याने. वरच्या मजल्यावर ऐकू येई. थोरल्याची बायको एकदा फादरांना म्हणाली की अबोल्याच्या दिवसांत निदान झोप तरी लागायची. फादरांनी तिला लाडवाचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "घे, सण आहे."